एक पिन, पाच पोस्ट: लहान कारखान्याने आपली प्रक्रिया खरेदीदाराला कशी दाखवावी

सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्याच्या पोस्ट बहुतेक वेळा एकसारख्याच दिसतात. ग्राइंडिंगच्या ठिणग्या, फिरणारा चक, चकचकीत जॉबची रास आणि खाली ‘उत्कृष्ट दर्जा, वेळेवर पुरवठा’. बघायला छान वाटतं, पण ज्याला तुमच्याकडून माल घ्यायचा आहे त्याला त्यातून काहीच कळत नाही. ठिणग्या सगळ्याच कारखान्यांत उडतात.

नवा पुरवठादार निवडताना समोर दोन माणसं असतात. पर्चेसचा माणूस तुमचं नाव शोधून काढतो आणि क्वालिटीच्या माणसाला विचारतो, ‘बघ रे, हे जमेल का?’ पोस्ट खरी वाचतो तो हा दुसरा माणूस. त्याच्या मनात चार शंका असतात. सांगितलेलंच स्टील वापरलं आहे का? हीट ट्रीटमेंट नीट झाली आहे का? पहिला नग चांगला आला, पण पाचशेवा तसाच येईल का? आणि एखादा खराब झालाच, तर तो यांच्याकडेच पकडला जाईल की आमच्या असेंब्ली लाइनवर? एका पोस्टमध्ये एकाच शंकेचं उत्तर द्यायचं, या पद्धतीने हा लेख पुढे जातो. त्यासाठी एकच नग घेऊन त्याचा सळईपासून पेटीपर्यंतचा प्रवास पाहू.

आधी नग निवडा, तोही स्वतःचा

पहिली अडचण इथेच येते. तुमच्याकडे सगळ्यात देखणा असतो तो ग्राहकाचा जॉब, आणि तोच तुम्हाला दाखवता येत नाही. ड्रॉइंग ग्राहकाचं असतं. गोपनीयतेचा करार झाला असेल तर प्रश्नच मिटला, पण करार नसला तरी दुसऱ्याचा भाग सर्रास दाखवणाऱ्या पुरवठादाराकडे नवा ग्राहक आपलं ड्रॉइंग देताना बिचकतो. ‘उद्या माझाही असाच दिसेल’ हे त्याला लगेच सुचतं.

म्हणून दाखवण्यापुरता एक साधा नग स्वतः आखा. आपण एक पिन घेऊ: व्यास २५ मि.मी., लांबी ८० मि.मी., स्टील सी ४५, पृष्ठभाग इंडक्शन हार्डनिंगने ५० ते ५५ एचआरसी, आणि ग्राइंडिंगनंतर व्यासाला टॉलरन्स शून्य ते उणे ०.०१३, म्हणजे २४.९८७ ते २५.००० मि.मी. याला ड्रॉइंगवर ‘एच सिक्स’ म्हणतात, छोट्या लिपीतला एच. पिन साधी आहे, पण तिच्यात वर सांगितलेल्या चारही शंका येतात. ती तुमच्या रोजच्या कामाच्या जवळची असावी. तुम्ही शीट मेटलचं काम करत असाल तर एखादा ब्रॅकेट घ्या. जे काम तुम्ही करत नाही ते दाखवू नका, कारण पोस्ट आवडलेला माणूस त्याच कामाची चौकशी घेऊन येईल.

ड्रॉइंग स्वतः काढा, त्यावर स्वतःचा नंबर टाका आणि पहिल्या पोस्टमध्ये तेच दाखवा. पुढच्या सगळ्या पोस्टमधले आकडे वाचणाऱ्याला या ड्रॉइंगशी ताडून पाहता येतात.

पहिली पोस्ट: स्टील

प्रत्येक सळई एका ठरावीक ओतातली असते. त्या ओताला हीट नंबर असतो आणि पोलाद कारखान्याच्या प्रमाणपत्रावर त्याच हीट नंबरखाली रासायनिक घटक लिहिलेले असतात. सी ४५ मध्ये कार्बन ०.४२ ते ०.५० टक्के असायला हवा. तो कमी असेल तर हार्डनिंगनंतर हवा तेवढा कठीणपणा येत नाही.

नंबर जुळतो हे दाखवायला फोटो एकच पुरे: सळईच्या टोकावरचा हीट नंबर आणि प्रमाणपत्रावरचा तोच नंबर, दोन्ही एकाच चौकटीत आणि वाचता येतील असे. वेगवेगळे फोटो टाकले तर नंबर जुळतात की नाही हे पाहायला कुणी थांबत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. नंबर सळईच्या टोकावर असतो. करवतीवर तुकडे पडले की टोक एका तुकड्याबरोबर जातं आणि उरलेल्या तुकड्यांना ओळख राहत नाही. स्टीलची सरमिसळ होते ती इथे. म्हणून कापल्यानंतर तुम्ही काय करता ते दाखवा. टोकांना रंग लावता का? पेटीला टॅग बांधता का? जॉब कार्डवर हीट नंबर उतरवता का? कापलेल्या तुकड्यांची पेटी, तिला बांधलेला टॅग आणि त्यावर तोच नंबर, हा दुसरा फोटो. खाली एवढंच लिहा: ‘कापल्यानंतर हीट नंबर पेटीबरोबर शेवटच्या तपासणीपर्यंत जातो.’ ही पद्धत तुमच्याकडे नसेल तर आधी ती सुरू करा, काही लॉट तशी चालवा आणि मगच पोस्ट टाका.

प्रमाणपत्र दाखवताना त्यावरचं विक्रेत्याचं नाव, बिल नंबर आणि दर झाका. झाकायला फोटोवर अर्धपारदर्शक पट्टी ओढू नका, ती कधीकधी उजेड वाढवून वाचता येते. कागदाची पट्टी ठेवूनच फोटो काढा.

दुसरी पोस्ट: मोजमाप

या पोस्टला सगळ्यात जास्त वेळ द्या. क्वालिटीचा माणूस इथेच थांबतो, फोटो मोठा करतो आणि ठरवतो.

आपल्या पिनेचा टॉलरन्स १३ मायक्रॉन आहे. मोजण्याचं साधन टॉलरन्सच्या साधारण दहाव्या भागापर्यंत वाचता यावं, हा जुना नियम आहे. म्हणजे इथे साधारण एक मायक्रॉन वाचणारं साधन लागतं. व्हर्नियर ०.०२ मि.मी., म्हणजे २० मायक्रॉन वाचतो. त्याची सर्वांत लहान रेघच आपल्या पूर्ण टॉलरन्सपेक्षा मोठी आहे. तरीही ग्राइंड केलेल्या पिनेवर व्हर्नियर लावलेले फोटो खूप दिसतात, कारण व्हर्नियर फोटोत ओळखू येतो. जाणकार माणूस असा एक फोटो पाहिला की पुढचं वाचत नाही.

एक मायक्रॉन दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर चालेल, पण स्क्रीनवर एक मायक्रॉन दिसणं आणि तेवढं अचूक असणं यात फरक आहे. साधनाची स्वतःची चूक एकदोन मायक्रॉन असू शकते, आणि पकडणाऱ्या हाताचा जोर बदलला की आकडा हलतो. म्हणून अशा पिनेला कंपॅरेटर बरा: आधी ज्ञात मापाचा मास्टर ठेवून डायल शून्यावर आणायचा, मग पिन ठेवून मास्टरपेक्षा किती कमी-जास्त आहे ते वाचायचं. व्हिडिओत मास्टर ठेवून शून्य करण्याची कृती आवर्जून घ्या. लोक ती कापून टाकतात आणि थेट पिन मोजताना दाखवतात. खरा विश्वास त्या सुरुवातीच्या दहा सेकंदांतून येतो.

साधनावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर फोटोत येऊ द्या, पण आधी तारीख पाहा. मुदत संपलेलं स्टिकर फोटोत आलं तर पोस्ट उलटते.

दुसरी गोष्ट तापमानाची. लांबीची मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरली जातात. स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. आपली २५ मि.मी. व्यासाची पिन मशीनवरून ४५ अंशांवर बाहेर आली, तर व्यास साधारण सात मायक्रॉनने मोठा दिसेल, म्हणजे अर्ध्याहून जास्त टॉलरन्स. गरम असताना २४.९९३ वाचलेली पिन थंड झाल्यावर २४.९८६ भरते आणि बाद होते. मशीनवरून उचलून लगेच मायक्रोमीटर लावणारा ऑपरेटर व्हिडिओत फार चपळ दिसतो, पण जाणत्या माणसाला तिथे चूक दिसते. पिना ट्रेमध्ये मास्टरच्या शेजारी थंड होत आहेत, हे दृश्य घ्या. मास्टर आणि पिन एकाच तापमानाला आले की दोन्ही स्टीलचे असल्यामुळे उरलेला फरक जवळपास कटून जातो. खोली वातानुकूलित नसली तरी हे करता येतं, आणि तसं सरळ लिहिताही येतं.

या पोस्टखालचा मजकूर असा असू शकतो:

‘व्यास २५, टॉलरन्स शून्य ते उणे १३ मायक्रॉन. मोजणी कंपॅरेटरवर, दर पाळीच्या सुरुवातीला मास्टरवर शून्य तपासून. पिना मास्टरच्या शेजारी थंड झाल्यावरच मोजतो. ड्रॉइंगची मर्यादा २४.९८७ ते २५.००० असली तरी आम्ही २४.९८९ ते २४.९९८ याच्या आतलेच नग पुढे सोडतो, कारण साधनाची स्वतःची चूक त्यात धरावी लागते.’

शेवटचं वाक्य नीट पाहा. मोजण्यातली अनिश्चितता ओळखून मर्यादा दोन्ही बाजूंनी आत ओढणं हे पुरवठादार काम समजून करतो याचं चिन्ह आहे. अर्थात हे तुम्ही खरोखर करत असाल तरच लिहा.

तिसरी पोस्ट: पहिल्यापासून पाचशेव्यापर्यंत

एका नगाचं माप कुणालाही चांगलं दाखवता येतं. खरेदीदाराला हवा असतो पूर्ण लॉट. त्यासाठी कागदावरचा साधा तक्ता पुरतो.

समजा ५०० पिनांचा लॉट आहे आणि दर दहाव्या नगाचं माप लिहिलं जातं. ग्राइंडिंगमध्ये चाक झिजत जातं, त्यामुळे पिन हळूहळू मोठी येऊ लागते: २४.९९१, २४.९९२, २४.९९४, २४.९९५. मग ऑपरेटर चाक ड्रेस करतो, ऑफसेट दुरुस्त करतो आणि माप पुन्हा २४.९९१ वर येतं. तक्त्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटते. ही रेघ जशीच्या तशी दाखवा. नवख्यांना वाटतं की सरळ सपाट रेघ जास्त चांगली दिसेल. पण ग्राइंडिंगमध्ये ५० नोंदी एकाच आकड्यावर आल्या तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, की आकडे मोजून लिहिले नसून टेबलावर बसून भरले आहेत.

फोटो मशीनजवळच्या खऱ्या कागदाचा घ्या, तेलाचे डाग असले तरी चालतील. ऑपरेटरच्या हस्ताक्षरातले आकडे, वेळ आणि ‘ड्रेसिंग केलं’ अशी बाजूची नोंद हे कुठल्याही रंगीत आलेखापेक्षा बोलकं असतं. आकडे वाचता येत नसतील तर तेच खाली मजकुरात टाइप करा.

चौथी पोस्ट: कठीणपणा

इंडक्शन हार्डनिंग तुम्ही बाहेरून करून घेत असाल तर तसं लिहा. लहान कारखान्यात ते बाहेर होणं नेहमीचंच आहे, आणि लपवलं तर ऑडिटमध्ये पहिल्या तासात कळतं. लिहायचं ते हे, की माल परत आल्यावर तुम्ही काय तपासता.

रॉकवेल मशीनवर आधी प्रमाणित ठोकळ्यावर आकडा घ्या, मग पिनेवर. दोन्ही एकाच सलग व्हिडिओत. पिन गोल असल्यामुळे पृष्ठभागावर घेतलेला आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो आणि तक्त्यातून सुधारणा मिळवावी लागते. तुम्ही ती मिळवत असाल तर एका ओळीत सांगा, नाहीतर जाणकार माणूस नेमकं तेच विचारेल.

मात्र पृष्ठभागाचा आकडा कठीण थर किती खोल आहे ते सांगत नाही. थर पातळ असेल आणि वर ग्राइंडिंगने आणखी काही निघून गेलं, तर पिन वापरात लवकर झिजते. खोली दाखवण्यासाठी लॉटमधली एक पिन आडवी कापतात, पाण्याचा मारा ठेवून, म्हणजे कापताना ती तापून थर बिघडत नाही. मग तोंड घासून चकचकीत करतात आणि सौम्य नायट्रिक आम्ल व अल्कोहोल यांच्या द्रावणाने पुसतात. कठीण झालेला थर वेगळ्या रंगाच्या कड्यासारखा उमटतो. हे काम प्रयोगशाळेत करून घ्या, आम्ल कारखान्यात हाताळायची सोय सगळ्यांकडे नसते. त्या कापलेल्या तोंडाचा, शेजारी पट्टी ठेवून घेतलेला फोटो पाचही पोस्टमधला सर्वांत परिणामकारक फोटो होऊ शकतो. कड्याची जाडी सगळीकडे सारखी आहे की एका बाजूला पातळ, हे न सांगता दिसतं. पातळ दिसली तर पोस्ट थांबवा आणि हार्डनिंगवाल्याला फोन करा.

पाचवी पोस्ट: बाद झालेला नग

ही पोस्ट टाकायला लोक घाबरतात. खराब नग दाखवला तर ग्राहक पळेल असं वाटतं. पण क्वालिटीच्या माणसाला माहीत असतं की नग सगळ्यांकडेच बाद होतात. त्याला भीती असते ती बाद नग त्याच्यापर्यंत पोहोचण्याची.

समजा १८० व्या नगाला माप २४.९९८ आलं, म्हणजे आतल्या मर्यादेवर. पाळी बदलत होती, ड्रेसिंग राहून गेलं, आणि १९० वा नग २५.००१ आला. इथे नुसता १९० वा नग लाल पेटीत टाकून पुढे जाणं चुकीचं. शेवटची चांगली नोंद १८० वर होती, म्हणून १८१ ते १९० हे दहाही नग बाजूला काढायचे आणि एकेक मोजायचे. समजा त्यात सहा नग आतल्या मर्यादेच्या वर निघाले आणि त्यातले दोन ड्रॉइंगच्याही वर. पिन मोठी असल्यामुळे सहाही पुन्हा ग्राइंड करता येतात. लहान झाली असती तर ती भंगारातच गेली असती. पुन्हा ग्राइंड केल्यावर सहाही नव्याने मोजायचे आणि नोंद करायची. मग कारण दूर करायचं: पाळी बदलताना येणाऱ्याने काम सुरू करण्याआधी शेवटची नोंद पाहून सही करायची.

पोस्टमध्ये टॅग लावलेला नग, लाल पेटी आणि ही चार वाक्यं: काय झालं, कोणते नग अडवले, त्यांचं काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘शेवटच्या चांगल्या नोंदीपासूनचे सगळे नग अडवले’ हे ज्याने लिहिलं, त्याच्याकडे अडवण्याची रीत आहे हे वाचणाऱ्याला कळतं. हा प्रसंग तुमच्याच नमुना पिनेचा असावा. ग्राहकाच्या लॉटमधली चूक, नाव झाकूनही, त्याच्या परवानगीशिवाय टाकू नका.

फोटो काढताना

घासलेलं स्टील आरशासारखं चमकतं आणि छतावरचा दिवा त्यात पांढरा पट्टा होऊन बसतो. दिवा आणि जॉब यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर धरला की चमक मऊ होते. जॉबवरचं तेल पुसा, फोटो झाला की गंज टाळण्यासाठी पुन्हा लावा. व्हिडिओत काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर तो दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम आहे. विजेची वारंवारता ५० असेल तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० असेल तिथे १/६० किंवा १/१२०. मशीनचा आवाज कानठळ्या बसवतो आणि बरेच लोक व्हिडिओ आवाज बंद करून पाहतात, तेव्हा सांगायचं ते अक्षरांत टाका.

मागे काय दिसतं ते नगाइतकंच महत्त्वाचं आहे. चकात राहिलेली चावी, फिरत्या लेथजवळ हातमोजे घातलेला माणूस, काढून ठेवलेलं गार्ड, चष्म्याविना ग्राइंडिंग: जाणकाराची नजर मापावर जाण्याआधी इथे जाते. दुसऱ्या ग्राहकाची पेटी, फळ्यावर लिहिलेले पार्ट नंबर, टेबलावरचं दुसरं ड्रॉइंग हेही तपासा. व्हिडिओ मधेमधे थांबवून, फोटो मोठा करून कोपरे पाहा. हे काम फोटो काढणाऱ्याने करू नये, तुमच्या तपासणी विभागातल्या माणसाने करावं. कामगाराचा चेहरा येत असेल तर त्याला आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर हातच दाखवा.

शब्दांत काय टाळावं

‘झिरो डिफेक्ट’ लिहू नका. पाचव्या पोस्टशी ते जुळत नाही आणि कुणी मानतही नाही. ‘मायक्रॉनमध्ये अचूकता’ हे अर्धं वाक्य आहे. कोणत्या मापावर, किती मायक्रॉन, कशाने मोजलं हे नसेल तर त्याला अर्थ नाही. तुमच्याकडे आयएसओ ९००१ असेल तर ‘आमची व्यवस्थापन पद्धत प्रमाणित आहे’ असं लिहा. ‘आयएसओ प्रमाणित पिन’ चुकीचं आहे, कारण हे प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीला मिळतं, वस्तूला नाही. आयएसओचं स्वतःचं बोधचिन्हही वापरायची मुभा नसते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं चिन्ह त्यांच्या नियमांप्रमाणेच लावा.

पाच पोस्ट एकदम टाकू नका. आठवड्याला एक पुरे, आणि प्रत्येकीत आधीच्या पोस्टचा दुवा द्या, म्हणजे चौथी पाहणारा ड्रॉइंगपर्यंत मागे जाऊ शकेल.

शेवटचं काम पोस्ट टाकण्याच्या दिवशीच करा. त्या पोस्टमागचे कागद एका फाइलमध्ये लावा: स्टीलचं प्रमाणपत्र, साधनांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, मापांचा तक्ता, कठीणपणाचा अहवाल, बाद नगांची नोंद. कापलेली पिन आणि लॉटमधल्या दोनतीन चांगल्या पिना तेल लावून पिशवीत बंद करा आणि त्याच फाइलचा नंबर त्यांना लावा. चौकशी करणारा खरोखर कारखान्यात आला की बहुधा मोबाइलवर तुमचीच पोस्ट उघडतो आणि विचारतो, ‘हा तक्ता दाखवता का?’ तेव्हा फाइल आणि पिशवी दोन्ही त्याच्यापुढे ठेवा, आणि पिन त्याला स्वतःच्या मायक्रोमीटरने मोजू द्या.